फोन हॉलमध्ये झोपू दे

प्राजक्ता, सगळ्यात आधी रात्रीचं सांगते. रात्री अकरानंतर ईशाशी फोनबद्दल एक शब्दही बोलू नकोस. ओरडू नकोस, समजावू नकोस, दार किलकिलं करून बघूही नकोस. त्या वेळी तू दिवसभराची दमलेली असतेस, तिचंही डोकं ताळ्यावर नसतं आणि फोन तर हातातच असतो. अशा भांडणातून तिच्या लक्षात एवढंच राहतं, की आईला माझा फोन खुपतो. झोप लागत नाही, अंधारात एकटीला छातीत धडधडतं, हे मग ती तुझ्यापाशी कधीच काढत नाही. म्हणून या विषयाचं सगळं बोलणं दिवसाउजेडी करायचं, आणि तेही हाताला काहीतरी काम असताना. मेथी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, ती स्कूटरवर मागे बसलेली असताना. 'बस इथे, मला तुझ्याशी बोलायचंय' असं म्हटलं की या वयाची मुलं मिटून जातात. शाळेत समुपदेशनाचं काम करत होते तेव्हा मी कुणालाच टेबलापलीकडे बसवायचे नाही. मैदानाला चक्कर मारायला घेऊन जायचे. नजरेला नजर द्यायची नसली की मुलं खरं बोलतात.

मी तुला आठवडाभर नोंदी ठेवायला सांगितल्या होत्या, त्या नीट ठेवल्यास हे फार बरं केलंस. फोन किती तास बघते ते लिहू नकोस, झोपेचं तेवढं लिही, असं मी म्हटल्यावर तुला नवल वाटलं होतं. त्याचं कारण सांगते. फोनचे तास मोजायला लागलीस की तू पोलीस होतेस आणि ती चोर. झोप मोजायला लागलीस की दोघी एकाच बाजूला येता. 'तुझी झोप होत नाहीये गं' या वाक्यावर कुठलीच मुलगी भांडत नाही, कारण ते तिला स्वतःलाच कळत असतं.

तुझ्या नोंदी काय सांगतात ते बघ. सोमवार ते शनिवार ईशाला झोप लागते ती साधारण सव्वा एकला आणि सव्वासहाला तिला तू हलवून उठवतेस. म्हणजे पाच तास. रविवारी मात्र ती थेट अकराला उठते. दुपारी कॉलेजहून आल्यावर तीन दिवस ती दीड-दोन तास झोपली. सकाळी चिडचिड, नाश्ता अर्धवट, आणि गुरुवारी चाचणीचे मार्क कळल्यावर रडारड. आता यातली रविवारची ओळ सगळ्यात महत्त्वाची. सुट्टीच्या दिवशी मूल रोजच्यापेक्षा दोन तासांहून जास्त उशिरा उठत असेल, तर समजायचं की आठवडाभराची झोप थकलेली आहे आणि शरीराचं घड्याळही मागे पडलेलं आहे. ईशाचा फरक पावणेपाच तासांचा आहे. तिला आळशी म्हणू नकोस. सोळाव्या वर्षी आठ ते दहा तास झोप लागते, तिला पाच मिळतात.

आणखी एक गोष्ट आईबापांना कुणी सांगत नाही. वयात येताना मुलांचं झोपेचं घड्याळ आपोआपच मागे पडतं. अंधार पडल्यावर मेंदूत मेलाटोनिन नावाचं रसायन वाढतं आणि झोपेची चाहूल लागते. लहानपणी जे साडेआठ-नऊला होतं, ते चौदा-पंधराव्या वर्षानंतर तास-दोन तास उशिरा होतं. हे जगभरच्या मुलांमध्ये होतं, त्यात फोनचा दोष नाही. फोन काय करतो, तर या नैसर्गिक उशिरावर आणखी दोन तास चढवतो. थोडा पडद्याच्या उजेडानं, आणि माझ्या मते त्याहून जास्त, त्यातल्या मजकुरानं. झोपायला टेकलेल्या मुलीला कुणाची तरी स्टोरी दिसली, कुणाचा तरी तिरका मेसेज आला, की तिचं मन पुन्हा जागं होतं. म्हणून निळा उजेड कमी करणारा चष्मा आणलास किंवा पडदा पिवळा केलास तरी फार फरक पडायचा नाही. त्यावर पैसे घालवू नकोस.

म्हणूनच 'उद्यापासून दहाला झोपायचं' हा हुकूम चालत नाही. तिला दहाला अंथरुणात घातलंस तर ती बारापर्यंत टक्क जागी राहील, आणि त्या दोन तासांत मनात येणारे विचार फोनपेक्षा वाईट असतात. घड्याळ सरकवायचं असेल तर हळूहळू सरकवावं लागतं, आणि ते सकाळच्या बाजूनं ओढावं लागतं.

ईशापुरतं बोलायचं तर आपल्याला सव्वा एकवरून पावणेअकरापर्यंत यायचं आहे. अडीच तास. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे यायचं, म्हणजे दहा टप्पे, साधारण महिनाभर. त्याहून घाई करू नकोस. पहिले तीन दिवस फक्त एकच्या झोपेचे. तुला वाटेल, एक म्हणजे काय कमी उशीर आहे का? पण तिला हे जमणारं वाटतं, आणि जमलं की पुढचं पाऊल ती स्वतः टाकते. दुसऱ्या टोकानं सकाळचा अर्धा तास वाचव. दप्तर, कपडे, पाण्याची बाटली रात्रीच तयार ठेवली तर सव्वासहाऐवजी पावणेसातला उठून तिचं आठचं कॉलेज गाठता येतं. पावणेअकरा ते पावणेसात, आठ तास झाले.

सकाळी उठल्या उठल्या तिला गच्चीत किंवा गॅलरीत पाठव. पंधरा-वीस मिनिटं उघड्या आकाशाखाली. चहा-दूध काय ते तिथेच पिऊ दे, तुळशीला पाणी घालू दे, झाडांना घालू दे. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की रात्रीची झोप आपोआप अलीकडे येते. या सगळ्यातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग. पावसाळ्यात ढग असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा पुष्कळ जास्त असतो, म्हणून तेव्हाही सोडू नकोस. रविवारी तिला जास्त झोपू दे, पण रोजच्यापेक्षा तास-दीड तासच. अकरापर्यंत झोपू दिलंस तर आठवडाभर ओढून आणलेलं घड्याळ एका सकाळीत परत जागच्या जागी जातं, आणि रविवारी रात्री तिला झोप येत नाही म्हणून पुन्हा फोन हातात येतो. दुपारची झोप बंद करू नकोस, पण अर्ध्या तासाचा गजर लाव आणि चारच्या आत उरक. आणि संध्याकाळी क्लासला जाताना ती जी कोल्ड कॉफी घेते ना, ती थांबव. कॉफीचा अंमल उतरायला पुष्कळ तास लागतात. साडेसहाला घेतलेली कॉफी मध्यरात्रीपर्यंत थोडीफार अंगात असतेच.

आता फोन. फोन काढून घ्यायचा नाही, त्याची रात्रीची जागा बदलायची. हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक फळी ठेव, तिथे एक एक्स्टेन्शन बोर्ड, आणि घरातले सगळे फोन रात्री तिथेच चार्जिंगला. सगळे म्हणजे तुझा आणि जावईबापूंचाही. तुम्ही दोघं उशाशी फोन घेऊन झोपलात आणि तिचा तेवढा हॉलमध्ये, हे पहिल्या आठवड्यातच मोडेल, आणि मोडलं तर मी ईशाचीच बाजू घेईन. रात्री कुणाचा तातडीचा फोन येईल ही जावईबापूंची काळजी रास्त आहे, त्यासाठी हॉलमधल्या फोनची रिंग मोठी ठेवा. ती गजराचं कारण पुढे करेल, म्हणून आदल्या दिवशीच बाजारातून गजराचं साधं घड्याळ आण. फोन ठेवायची वेळ झोपेच्या वेळेआधी पाऊण तास. पहिल्या टप्प्यात एकला झोपायचं तर सव्वाबाराला फोन हॉलमध्ये. जसजशी झोप अलीकडे येईल तसतशी ही वेळही अलीकडे. महिन्याअखेर दहा वाजता फोन फळीवर.

यात कुठे कुठे गडबड होते ते सांगून ठेवते. घरात कुणाचा तरी जुना फोन कपाटात पडलेला असतो, त्यात सिम नसतं पण वाय-फाय चालतो. माझ्याकडे नववीतला एक मुलगा यायचा. तो महिनाभर रोज नऊला स्वतःहून फोन आणून ठेवायचा, आईबाबा खूश होते, आणि तरी सकाळी त्याचे डोळे लालच. आजोबांचा जुना फोन त्याच्या पांघरुणात होता. म्हणून फोन फळीवर आहे की नाही यावर विश्वास ठेवू नकोस, सकाळच्या नोंदींवर ठेव. पंधरा दिवसांत उठणं सोपं झालं नाही, रविवारचा फरक कमी झाला नाही, तर दुसरा पडदा कुठेतरी आहे किंवा झोप न येण्याचं दुसरं कारण आहे. तपासणीला निघू नकोस, तिलाच विचार.

अभ्यासाचं कारण खरं असतं, हे मान. क्लासवाले रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर उद्याच्या नोट्स टाकतात, प्रश्नांची उत्तरं मागतात. हे मी किती पालकांकडून ऐकलंय. त्यासाठी मुलीशी भांडून काय उपयोग? क्लासच्या सरांना तू आणि आणखी चार-पाच पालकांनी मिळून सांगा, की नऊनंतर काही टाकू नका. सर ऐकतात, एकट्या मुलीचं ऐकत नाहीत. स्नॅपचॅटची स्ट्रीक हेही तसंच. दोघांनी रोज चोवीस तासांच्या आत एकमेकांना फोटो पाठवला नाही तर ती तुटते, आणि ती तुटली की मैत्रीण रुसते. मोठ्यांना हे पोरकट वाटतं, मुलांसाठी तो शब्द पाळण्याचा प्रश्न असतो. ती हसण्यावारी नेऊ नकोस. रात्री आठला जेवणाआधी सगळ्या स्ट्रीक उरकून टाक, असं तिला सुचव. आणि मैत्रिणींना तिनं स्वतः आधी सांगावं, 'मी दहानंतर फोनवर नसते.' तू सांगू नकोस. एकीनं सांगितलं की दुसरीलाही सुटल्यासारखं होतं, हे मी वर्गात पाहिलं आहे.

फोनमधल्या सोयींचं थोडक्यात सांगते, कारण त्यांवर भिस्त ठेवायची नाही. अँड्रॉइड फोनच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये बेडटाइम मोड असतो, ठरलेल्या वेळी पडदा काळा-पांढरा होतो आणि आवाज बंद होतात. इन्स्टाग्रामनं फेब्रुवारी 2025 पासून भारतातही किशोरवयीनांची वेगळी खाती आणली, त्यात रात्री दहा ते सकाळी सात सूचना येत नाहीत. पण अ‍ॅप बंद होत नाही, उघडलं की सगळं दिसतंच. सोळाच्या आतल्या मुलांना ही बंधनं सैल करायला पालकांची संमती लागते, ईशा सोळाची झाली आहे, ती स्वतः बदलू शकते. आणि पुष्कळ मुलांनी खातं उघडताना जन्मवर्षच खोटं घातलेलं असतं, त्यांना हे काही लागू होत नाही. ईशानं काय घातलंय ते एकदा तिच्याबरोबर बघ. रागवायचं नाही, दुरुस्त करायचं.

पहिल्या चार-पाच रात्री ती कूस बदलत राहील, उठून पाणी पिईल, तुझ्या खोलीत येईल. येऊ दे. वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागली नाही तर तिनं अंथरुणातून उठावं, मंद दिव्यात बसावं, काहीतरी साधं वाचावं किंवा केस विंचरावे, डोळे जडावले की परत जावं. अंथरुणात तळमळत पडलं की शरीराला तीच सवय लागते. या दिवसांत शेजारी बसून पाय चेपलेस तरी चालेल. सोळा वर्षांच्या मुलीलाही ते हवं असतं, ती मागत नाही एवढंच.

फोनचं दुसरं दुखणं म्हणजे इतरांशी तुलना. झोप मी त्याआधी घेतली याचं कारण असं, की अपुऱ्या झोपेत तुलनेचं दुःख दुप्पट लागतं. झोप कमी पडली की मेंदूतला भीती-राग पेटवणारा भाग जास्त पेटतो आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग ढिला पडतो. जो फोटो दुपारी चारला बघून ती 'छान आहे' म्हणून पुढे गेली असती, तोच रात्री साडेबाराला तिला रडवतो. तुझ्या नोंदीतला गुरुवार आठव. मार्क दुपारी कळले, रडू आलं ते रात्री, मैत्रिणीची स्टोरी बघितल्यावर. म्हणून तुलनेचं बोलणं निदान आठ-दहा दिवस चांगली झोप झाल्यावर काढ. त्याआधी काढलंस तर तू बोलशील ते सगळं तिला टोचेल.

आणि ती तुलना कुणाशी करते हे नीट ओळख. आईबाप नट्यांना नावं ठेवतात, 'त्यांचा सगळा मेकअप असतो' म्हणून सांगतात. ते तिला ठाऊक आहे. लिऑन फेस्टिंजर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्येच मांडलं होतं, की माणूस स्वतःला मोजतो ते आपल्यासारख्यांशी, फार वरच्या माणसाशी नाही. तिला नटीचा हेवा वाटत नाही. तिला सलतं ते शेजारच्या बाकावरच्या मुलीचं, जी तेवढंच शिकते, त्याच बसनं येते, आणि जिच्या फोटोला तीनशे लाइक पडतात. त्याहून जास्त सलतं ते न बोलावल्याचं. चौघी मैत्रिणी सिनेमाला गेल्या, स्टोरी टाकली, आणि आपल्याला कळलं ते रात्री अंथरुणात. आपल्या वेळी हे दुसऱ्या दिवशी शाळेत कळायचं, उजेडात, आणि लगेच जाब विचारता यायचा. आता ते अंधारात कळतं आणि सकाळपर्यंत कुणाला विचारता येत नाही. मुलग्यांचंही हेच असतं, फक्त त्यांची तुलना दंडाच्या स्नायूंची, उंचीची, गेममधल्या रँकची आणि कुणाच्या बापाकडे कुठली गाडी आहे याची असते, आणि मुलगे ते रडून न दाखवता चिडून दाखवतात.

या वेळी आईच्या तोंडून दोन वाक्यं हमखास येतात. एक, 'ते सगळं खोटं असतं गं.' दुसरं, 'तू किती सुंदर आहेस!' दोन्ही नकोत. पहिल्यानं तिला वाटतं, आईला काही कळत नाही, कारण सिनेमा खरा होता आणि तिला खरंच बोलावलं नव्हतं. दुसऱ्यानं विषय पुन्हा दिसण्यावरच येतो. त्याऐवजी विचार, 'कुणाचं बघितलं की पोटात गोळा येतो?' आणि मग गप्प बस. नाव येईपर्यंत थांब. आलं की, 'मग त्या दिवशी तुला कळलं तेव्हा किती वाजले होते?' असं साधं काहीतरी विचार. उपाय लगेच पुढे करू नकोस. बरेचदा तिला उपाय नको असतो, आपलं दुखणं खरं आहे एवढं कुणीतरी मान्य करायला हवं असतं.

मग एखाद्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर दोघी मिळून तिचं इन्स्टाग्राम बघा. फोन तिच्या हातात, अंगठा तिचाच, तू फक्त शेजारी. वीस मिनिटं, जास्त नाही. प्रत्येक चेहऱ्यापाशी तिनं एवढंच सांगायचं, हे बघून बरं वाटतं, काही वाटत नाही, की वाईट वाटतं. आपलं मत द्यायचं नाही. वाईट वाटतं म्हटलं ते खातं म्यूट करायचं. अनफॉलो केलं तर त्या मुलीला कळू शकतं आणि वर्गात नवीन रामायण सुरू होतं. म्यूट केलेलं तिला कळत नाही, आणि महिन्यानं हवं तर परत उघडता येतं. इतरांच्या पोस्टवरचे लाइकचे आकडे लपवायचीही सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू करून बघा. आणि मैत्रिणींव्यतिरिक्त जे अनोळखी व्हिडिओ समोर येत राहतात, बारीक व्हायचे, गोरं व्हायचे, पहाटे चारला उठून अभ्यास करणाऱ्यांचे, ते 'नको' म्हणून नोंदवायचे. जास्तच झाले असतील तर सुचवले जाणारे व्हिडिओ पूर्ण पुसून नव्यानं सुरू करायची सोय आहे. यंत्राला दुःख कळत नाही, त्याला एवढंच कळतं की ही मुलगी या व्हिडिओपाशी थबकली, म्हणून ते तसलेच आणखी आणतं. हे ईशाला सांगितलंस की तिच्या लक्षात येईल. मुलांना फसवलं गेल्याचा राग फार लवकर येतो, आणि इथे तो राग उपयोगाचा आहे. 2021 मध्ये इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीतल्याच फ्रान्सिस हॉगेन या बाईंनी आतली कागदपत्रं बाहेर आणली. आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी 32 टक्के जणींना इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटतं, असं कंपनीच्याच अंतर्गत अभ्यासात होतं. हेही तिला सांग.

पूर्ण बंद करायचा आग्रह मात्र धरू नकोस. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 2018 मध्ये 143 विद्यार्थ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटानं तीन आठवडे तीन अ‍ॅप रोज प्रत्येकी फक्त दहा मिनिटं वापरली, आणि त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. नेहमीसारखंच वापरलेल्या गटाचीही चिंता थोडी उतरली, कारण आपण किती वापरतो यावर लक्ष ठेवायला दोन्ही गटांना सांगितलं होतं. म्हणजे स्वतःकडे लक्ष गेलं तरी काही गाठी सैल होतात. म्हणून पहिल्या महिन्यानंतर झोपेची वही ईशाच्या हाती दे.

घरातल्या तुलनेचंही बघ, प्राजक्ता. हे तुला लागेल तरी बोलते. दहावीच्या निकालाच्या दिवशी आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळ्यांच्या मुलांचे टक्के आले. तूही ईशाचे टाकलेस, आणि मग मामेभावाचे दोन टक्के जास्त म्हणून जेवताना विषय निघाला. तिला मोजायची पट्टी इन्स्टाग्रामनं दिली नाही, ती घरातच होती. इथून पुढे तिचे मार्क, तिचा फोटो, तिचं बक्षीस स्टेटसवर टाकण्याआधी तिला विचार, आणि ती 'नको' म्हणाली तर टाकू नकोस. 'अमकीचं बघ' हे वाक्य घरातून वर्षभर हद्दपार कर. तुझ्या घरात एवढं झालं तरी फोनमधल्या निम्म्या तुलनांची धार जाईल, असं माझं मत आहे.

रात्री दहानंतर फोन नाही तर मग काय, हा प्रश्न राहतो, आणि तो पुरा न सोडवता नुसती फळी बसवली तर घरात फक्त कंटाळा उरतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे 2022 पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद होतात. ते जमलं, कारण एकाच वेळी सगळ्यांचे बंद झाले आणि मुलांना कळलं की आपलं एकट्याचंच काही हुकत नाहीये. तुमच्या सोसायटीत भोंगा नको, पण ईशाच्या तीन-चार मैत्रिणींच्या आया मिळून दहाची वेळ ठरवू शकता. ग्रुपच रिकामा असेल तर डोकावायचं कशासाठी? आणि घरात त्या पाऊण तासात गाणी लावा, पत्ते खेळा, तिला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, जे जमेल ते. रोज वेगळं काही आखायची गरज नाही. कुणीतरी जागं आणि मोकळं असलं की पुरतं.

आता मर्यादा. हे सगळं नीट करूनही पंधरा-वीस दिवसांत ईशा सावरली नाही, तर फोन हे मूळ नसून आडोसा आहे, असं समज. कुणी तिला त्रास देत असेल, फोटोवरून धमकावत असेल, तर मुली फोन जास्तच घट्ट धरतात, आणि मेसेज आला की त्यांचा चेहरा पडतो. अशा वेळी तिला आधी एक वचन दे, की काहीही सांगितलंस तरी तुझा फोन जाणार नाही. फोन जाईल या भीतीनं मुली सगळ्यात मोठ्या गोष्टी लपवतात. आणि पुढचं काही दिसलं तर वाट बघत बसू नकोस. सलग दोन आठवडे उदास, आवडती कामं सोडलेली, जेवण तुटलेलं किंवा जेवल्यावर बाथरूममध्ये जाणं, कॉलेज टाळणं, उन्हाळ्यातही लांब बाह्या, आपण कुणाला नको आहोत अशी भाषा. तेव्हा सरळ विचार, 'तुला जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्यानं तसा विचार डोक्यात घातला जात नाही, उलट कुणाशी तरी बोलता येतं म्हणून मूल मोकळं होतं. हो म्हणाली तर रागावू नकोस, रडू नकोस, तिला एकटीला सोडू नकोस, घरातली औषधं तिच्या हाताशी ठेवू नकोस आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठ. नवऱ्याला काय वाटेल, सासूबाई काय म्हणतील, याचा विचार त्या दिवशी करायचा नाही.

डॉक्टर लगेच मिळाले नाहीत तर सरकारची टेलिमानस सेवा आहे. क्रमांक 14416. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि मुलीआधी आईनं फोन केला तरी चालतो.